नावाची हाळी

गेल्या गणेशोत्सवात आमच्या सोसायटीतल्या मुलांचं वीस मिनिटांचं नाटुकलं बसवायचं होतं. नायक होता समुद्रकिनाऱ्यावरचा एक धाडसी खेकडा, आणि नाटक सुरू होण्याआधी त्याचं एक गाणं हवं होतं, अगदी कार्टूनला असतं तसं. मी लिहिलं. नायकाचं नाव ठेवलं ‘सागरवीर’. कागदावर ते मला फार आवडलं होतं. पहिल्या तालमीला अठरा मुलांना सांगितलं, की मी ओळ म्हणेन आणि तुम्ही नाव ओरडायचं. मुलं जीव तोडून ओरडली, पण समोर बसलेल्या पालकांना कळेचना काय ओरडतायत ते. चार-पाच वर्षांची पोरं ‘सागलवील’ म्हणत होती, मोठी ‘वीर’वर आपटून थांबत होती, आणि कुणाचं ‘सा’ दुसऱ्याच्या ‘गर’वर पडत होतं. सगळ्यांचा मिळून एक गलका झाला.

घरी आल्यावर मी माझ्या भाचीला विचारलं, तुला कुठल्या कार्टूनचं गाणं म्हणायला सगळ्यात जास्त मजा येते? तिनं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, ‘स्पंजबॉब’. मग मी ते गाणं पहिल्यांदा नीट ऐकलं. त्या रात्री वीसेक वेळा तरी ऐकलं असेल. पाऊण मिनिटाच्या आसपासचं ते गाणं. पण नायकाचं नाव मुलांच्या तोंडून कसं काढून घ्यायचं, हे त्याच्याइतकं मला दुसऱ्या कुणी शिकवलेलं नाही.

आठ वेळा एकच नाव

‘स्पंजबॉब स्क्वेअरपँट्स’ ही अमेरिकन कार्टून मालिका 1999 साली निकेलोडिअन वाहिनीवर सुरू झाली. तिचा निर्माता स्टीफन हिलेनबर्ग. अॅनिमेशनकडे वळण्याआधी तो कॅलिफोर्नियातल्या डेना पॉइंट इथल्या सागरी संस्थेत मुलांना समुद्रजीवन शिकवायचा. शिकवण्यासाठी त्यानं भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या प्राण्यांवर एक चित्रकथा काढली होती आणि तिच्यात माहिती सांगणारा एक स्पंज होता. पुढे मालिकेचा नायक त्याच्यापासून घडला, फक्त त्याचा आकार समुद्रातल्या खऱ्या स्पंजासारखा न राहता भांडी घासायच्या चौकोनी स्पंजासारखा झाला.

मालिकेच्या सुरुवातीला पडद्यावर भिंतीवर टांगावं तसं एका समुद्री चाच्याचं जुनं तैलचित्र दिसतं. चित्र स्थिर आहे, हलतं ते फक्त तोंड, आणि ते खऱ्या माणसाचं आहे. ते ओठ खुद्द हिलेनबर्गचे आणि आवाज पॅट्रिक पिनी या कलाकाराचा. हा कप्तान मुलांना विचारतो, तयार आहात का? मुलं खलाशांच्या भाषेत होकार देतात. कप्तान म्हणतो, ऐकू आलं नाही. मुलं पुन्हा, पहिल्यापेक्षा मोठ्यानं होकार देतात. आणि मग गाणं सुरू होतं.

गाण्याचा सांगाडा अगदी साधा आहे. कप्तान एक ओळ म्हणतो आणि मुलं नायकाचं नाव ओरडतात. असं चार वेळा होतं. पहिल्या ओळीत कोडं आहे, समुद्राखाली अननसात कोण राहतं. दुसऱ्या ओळीत त्या कोण्या एकाचं वर्णन आहे: पिवळा, पाणी शोषणारा, अंगभर छिद्रं असणारा. हे शब्द सहज आलेले नाहीत. आपल्या शाळेच्या पुस्तकात ज्यांना ‘रंध्रीय प्राणी’ म्हणतात, त्या स्पंजांची ओळख जीवशास्त्राचा शिक्षक अशीच करून देईल. तिसऱ्या ओळीत अट आहे, की तुम्हाला दर्यावरचा असला वेडेपणा हवा असेल तर. चौथ्यात हुकूम आहे, की मग डेकवर अंग टाका आणि माशासारखे तडफडा. कोडं, वर्णन, अट, हुकूम. चारही वेळा कप्तानाची ओळ वेगळी असते, मुलांचं उत्तर मात्र एकच.

शेवटी कप्तान पुन्हा विचारतो, तयार? आणि मग नाव लागोपाठ चार वेळा येतं. शेवटच्या वेळी कप्तान ते ताणून, मजेत खेचत म्हणतो आणि खदाखदा हसतो. म्हणजे पाऊण मिनिटात नाव आठ वेळा येतं. ज्या मुलानं मालिका कधीच पाहिलेली नाही, तेसुद्धा तिसऱ्या ओळीला ओरडायला लागतं, कारण त्याला पाठ करायचं आहे फक्त एक नाव. बाकी सगळं ओझं कप्तान वाहतो.

हे आपल्याला नवीन नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रकवरचा माणूस ‘गणपती बाप्पा’ म्हणतो आणि खालून ‘मोरया’ येतं, तेव्हा हेच घडत असतं. हाळी देणारा एक आणि झेलणारे शेकडो. झेलणाऱ्याला विचार करावा लागत नाही, त्याला जागा मिळालेली असते. वडिलांच्या खांद्यावर बसलेलं दोन वर्षांचं पोरही ‘मोल्या’ म्हणून ती जागा भरतं.

शीड वर चढवायचं गाणं

‘स्पंजबॉब’च्या गाण्याचे शब्द हिलेनबर्ग आणि त्याचा सहकारी डेरेक ड्रायमन यांचे. चाल मात्र त्यांनी शून्यातून काढली नाही. तिचं मूळ ‘ब्लो द मॅन डाऊन’ या एकोणिसाव्या शतकातल्या खलाशांच्या गाण्यात आहे. अशा गाण्यांना इंग्रजीत ‘शँटी’ म्हणतात. न्यूयॉर्क आणि लिव्हरपूलच्या दरम्यान अटलांटिक ओलांडणाऱ्या शिडाच्या जहाजांवरच्या माणसांचं हे गाणं. नावाचा अर्थ साधारण ‘गड्याला ठोसा लगावून आडवा कर’ असा. त्या जहाजांवरचं आयुष्य किती राकट होतं, हे तेवढ्यावरूनही कळतं.

शँटी करमणुकीसाठी नव्हती, ते कामाचं हत्यार होतं. मोठ्या जहाजाचं शीड ज्या आडव्या वाशाला बांधलेलं असतं, तो वासा डोलकाठीवर वर चढवायचा म्हणजे दोरखंडाला दहा-बारा माणसं लागत. ती माणसं आपापल्या मर्जीनं ओढू लागली तर वासा हलत नाही, फक्त हात सोलतात. सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागला पाहिजे. म्हणून एक जण ओळ गायचा. तो गात असताना बाकीचे श्वास घ्यायचे, पाय रोवायचे, दोरावर हात पुढे सरकवायचे. ओळ संपली की सगळे मिळून ध्रुवपद म्हणायचे आणि त्यातल्या ठरलेल्या अक्षरांवर हिसका द्यायचे. वासा हातभर वर जायचा. पुन्हा एकट्याची ओळ, पुन्हा दम, पुन्हा हिसका.

या गाण्याची बांधणी त्या कामातूनच आली आहे. ओळ बदलती, कारण गाणाऱ्याला काम संपेपर्यंत गात राहायचं असे आणि तो जागच्या जागी नव्या ओळी जोडायचा. ध्रुवपद मात्र ठाम, कारण ओढणाऱ्याच्या डोक्यात विचाराला जागा नव्हती. दोहोंमध्ये श्वासापुरती फट. आपल्या किनाऱ्यावर होडी वाळूवर ओढताना एकानं आवाज द्यायचा आणि बाकीच्यांनी ‘हैसा’ म्हणत जोर लावायचा, त्यातही हीच अक्कल आहे.

हे कळल्यावर मला ‘स्पंजबॉब’चं गाणं वेगळंच ऐकू यायला लागलं. शँटीमध्ये जिथे दोर ओढायचा, तिथे आता नायकाचं नाव आहे. मुलं नाव ओरडतात ती नेमकी हिसक्याची जागा आहे. कप्तान ओळ म्हणत असताना मूल नकळत श्वास भरून घेतं, पुढे झुकतं, आणि फट आली की सगळं अंग त्या नावात ओततं. सोफ्यावर बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाकडे गाणं चालू असताना पाहा. दर वेळी नावाबरोबर त्याचे खांदे खाली येतात. त्याच्या हातात दोर नाही एवढंच.

सुरुवातीचं ते ‘ऐकू आलं नाही’सुद्धा जहाजावरचंच आहे. खलाशानं दिलेला तो ठरावीक होकार म्हणजे हुकूम ऐकला आणि पाळतो, अशी पोच असते. वारा आणि लाटांच्या आवाजात पोच नीट ऐकू आली नाही, तर हुकूम पुन्हा द्यावा लागतो. गाण्यात त्याचा उपयोग फार हुशारीनं केला आहे. पहिल्या होकाराला मुलं थोडी संकोचलेली असतात. दुसऱ्या खेपेला आवाज मोकळा होतो. त्यामुळे खरं गाणं सुरू होतं तेव्हा प्रत्येकाचा गळा आधीच तापलेला असतो आणि पहिल्याच नावाला पुरा आवाज मिळतो.

तीन-तीनचा झोका

आता त्या उड्या मारणाऱ्या ठेक्याकडे वळू. शाळेतली कवायत एक-दोन, एक-दोन अशी चालते. केरवा वाजला की पाय सरळ पडतात. ‘स्पंजबॉब’चं गाणं मात्र तीन-तीनच्या गटांत चालतं. आपल्या भाषेत सांगायचं तर दादऱ्याच्या जवळचं: धा धी ना, धा ती ना. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन तुकडे. कोळीगीतांचा झुलता ठेका याच घरातला, म्हणून त्या गाण्यांवरही बसल्या जागी अंग हलायला लागतं.

तीनच्या गटात उडी येते कुठून? दोन मात्रांची एक लांब आणि एक मात्रेची एक आखूड अशी जोडी सतत पडते: लांऽब-तुट्, लांऽब-तुट्. मुलं आनंदानं रस्त्यातून धावतात तेव्हा सरळ धावत नाहीत, दुडक्या चालीनं उड्या घेत जातात. एका पायावर जरा जास्त वेळ, मग झटकन दुसरा. ती चाल लांब-आखूडचीच आहे. त्यामुळे हा ठेका मुलांना शिकवावा लागत नाही, त्यांच्या पायांना तो आधीच माहीत असतो.

कप्तानाच्या पहिल्या ओळीत चार ठाशीव अक्षरं आहेत आणि दोन ठाशीव अक्षरांच्या मध्ये दोन-दोन हलकी. एक जड, दोन हलकी, एक जड, दोन हलकी, अशी ओळ घोड्यावर बसल्यासारखी दौडत येते. आणि मग नाव येतं: स्पंज, बॉब, स्क्वेअर, पँट्स. इंग्रजी उच्चारात ही चार अक्षरं, चारही जड, मध्ये हलकं अक्षर एकही नाही. दौडणारा घोडा अचानक चार टापा आपटून उभा राहावा, तसं वाटतं. कप्तानाची ओळ जेवढी पळती, तेवढं उत्तर रोवलेलं. हा फरक नसता तर नाव ओळीत मिसळून गेलं असतं.

नाव गायलं जात नाही, ओरडलं जातं, हीसुद्धा विचारपूर्वक सोडलेली गोष्ट आहे. चार-पाच वर्षांच्या बहुतेक मुलांना सूर धरून ठेवता येत नाही, पण लय धरता येते. सुराची अट काढून टाकली की बेसूर कुणीच उरत नाही. जे मूल शाळेच्या समूहगीतात मागच्या रांगेत फक्त ओठ हलवतं, तेही इथे पुढे येऊन ओरडतं.

या घराण्यातलं एक जुनं गाणं आठवतं. 1933 साली पॉपाय या खलाशाचं पहिलं कार्टून आलं, त्याचं गाणं सॅमी लर्नरनं लिहिलं. तेही झुलत्या ठेक्याचं आणि त्यातही नायकाचं नाव ठसठशीत येतं. पण तिथे पॉपाय स्वतःच आपलं नाव सांगतो, आणि मूल ऐकतं. ‘स्पंजबॉब’च्या गाण्यात नायक आपल्याबद्दल एक शब्द बोलत नाही. त्याचं नाव घेण्याचं काम संपूर्णपणे मुलांवर सोपवलेलं आहे.

नाव घडतं कसं

हिलेनबर्गनं आपल्या नायकाचं नाव आधी ‘स्पंजबॉय’ ठरवलं होतं. ते नाव एका फरशी पुसायच्या मॉपसाठी आधीच नोंदलेलं निघालं, म्हणून बदलावं लागलं. ‘स्पंज’ हा शब्द त्याला सोडायचा नव्हता, कारण तो नसता तर मुलांना हा पिवळा चौकोनी गडी चीजचा तुकडा वाटला असता. ‘बॉय’चा ‘बॉब’ झाला. मग त्याच्या चौकोनी आकारावरून, आणि कानाला बरं वाटतं म्हणून, ‘स्क्वेअरपँट्स’ हे आडनाव जोडलं गेलं.

ती अडचण गाण्याच्या पथ्यावर पडली असं मला वाटतं. ‘बॉय’ म्हणताना शेवट विरघळतो, तोंड उघडंच राहतं. ‘बॉब’ म्हणताना ओठ सुरुवातीलाही मिटतात आणि शेवटीही, त्यामुळे अक्षर दोन्ही बाजूंनी ठोकून बसवल्यासारखं होतं. आडनावामुळे नावाला दोन सारखे भाग मिळाले आणि ते झोक्याच्या दोन टोकांवर नेमके बसले.

पण हेच नाव मराठी तोंडात आलं की अडखळतं. ‘स्प’ आणि ‘स्क्व’ ही जोडाक्षरं सुरुवातीलाच आहेत. आपली लहान मुलं ती ‘सपंज’, ‘सक्वेअर’ अशी फोडतात किंवा पुढे ‘इ’ लावून ‘इस्पंज’ करतात. शिवाय इंग्रजीत एका झटक्यात म्हटला जाणारा ‘स्क्वेअर’ आपण ‘स्क्वे-अर’ असा दोन अक्षरांत म्हणतो. चार ठोक्यांच्या जागी पाच-सहा तुकडे येतात आणि उत्तर पुढच्या ओळीवर चढतं. माझ्या भाचीला ते जमतं, कारण ती मूळ आवाजाच्या मागोमाग ओरडते. तिला एकटीला म्हणायला सांगितलं की नाव लांबतं. म्हणजे दुसऱ्या भाषेतलं गाणं उचलून त्यात आपले शब्द भरले, तर चालणार नाही. आपल्या तोंडाला बसणारं नाव आधी घडवायला हवं आणि मग त्याच्याभोवती ओळी.

मी ‘सागरवीर’ पुन्हा समोर ठेवला. दोष आता स्पष्ट दिसत होते. पहिला, ‘र’. तो या नावात दोनदा येतो आणि लहान मुलांच्या जिभेवर तो सगळ्यात उशिरा बसणाऱ्या उच्चारांपैकी एक. दुसरा, मधलं ‘गर’. ते हलकं आहे, जोरानं ओरडताना गिळलं जातं. तिसरा, शेवट. ‘वीर’मधला ‘ई’ ताणावा तर तोंड जेमतेम उघडतं, आणि पुढचा ‘र’ त्याचं दार बंद करतो. लांब पोचतो तो मोकळा स्वर, आणि आ-कारासारखा मोकळा स्वर दुसरा नाही. ‘मोरया’ चौकाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातं ते त्या शेवटच्या आ-कारामुळे.

मग सापडलं ‘खेकडोबा’. विठोबा, खंडोबा, म्हसोबा ही आपली जिभेवर रुळलेली ठेवण. ख, क, ड, ब ही सगळी अक्षरं हवा अडवून सोडायची, त्यामुळे प्रत्येकाला ठोका आहे. ‘र’ नाही, जोडाक्षर नाही, आणि शेवटी ‘बा’. सहा मात्रांत मांडून पाहिलं: खे दोन मात्रा, क एक, डो दोन, बा एक. खेऽक डोऽबा. लांब-आखूड, लांब-आखूड. दादऱ्याचं एक आवर्तन काठोकाठ भरलं.

आता ओळ. माझी पहिली ओळ होती, ‘समुद्रकाठी बिळात राहतो तो कोण बरे?’ अर्थ ठीक होता, पण तिचा ठोका ‘स’ आणि ‘बि’ अशा ऱ्हस्व अक्षरांवर पडत होता. ऱ्हस्व अक्षरावर ठोका पडला की गाणाऱ्याला ते ओढूनताणून दीर्घ करावं लागतं आणि ऐकणाऱ्याला लंगडल्यासारखं वाटतं. तपासायची युक्ती सोपी आहे: तीन-तीनच्या टाळीवर ओळ नुसती बोलून पाहायची. टाळी जिथे पडते ते अक्षर बोलतानाही आपण जोरानं म्हणत असू, तर ओळ बसली. शेवटी अशी बसली:

वाळूच्या | खालच्या | खोलीत | कोण?
खेऽक | डोऽबा!

आडवा | चालतो | वाकडा | कोण?
खेऽक | डोऽबा!

पहिल्या ओळीत टाळी वा, खा, खो, को या अक्षरांवर पडते, दुसरीत आ, चा, वा, को यांवर. सगळी दीर्घ. प्रत्येक टाळीनंतर दोन अक्षरं पळती. ‘कोण’ हा एकच शब्द तीन मात्रा धरायचा, म्हणजे मुलांना श्वास घ्यायला वेळ मिळतो. इंग्रजीत ‘कोण’ ओळीच्या सुरुवातीला येतं. मराठीत ते शेवटी नेता येतं, आणि आपल्या कोड्यांचा तोच रिवाज आहे. त्यामुळे प्रश्नाचं टोक थेट नावाला भिडतं, मध्ये काही उरत नाही. इथे मला आपल्या भाषेचा फायदा मिळाला.

एक चूक, आणि तिचं उत्तर

दुसऱ्या तालमीला नाव पहिल्याच खेपेला अंगणाच्या टोकापर्यंत पोचलं. पण तिसऱ्या ओळीनंतर गाणं विस्कटायला लागलं. मुलं नाव ओरडायची आणि मी लगेच पुढची ओळ सुरू करायचो. त्यांचा आवाज अजून हवेतच असायचा, माझे पहिले शब्द बुडायचे, आणि पुढच्या वेळी अर्धी मुलं लवकर ओरडायची. दर ओळीला वेग वाढत चालला होता. समूहानं ओरडायच्या गाण्यात हा दोष हटकून येतो आणि ओळखायची खूण हीच: पहिली ओळ म्हणायला लागलेल्या वेळापेक्षा शेवटची फार लवकर संपते.

उपाय मला शँटीनं दिला. खलाशी हिसका दिल्यावर लगेच दुसरा हिसका देत नसत, आधी पाय सावरत. मी नावानंतर सहा मात्रा रिकाम्या सोडल्या आणि तिथे आमच्या ढोलवाल्या दादाला फक्त ठेका वाजवायला सांगितलं. कप्तानाच्या बारा मात्रा, मुलांच्या सहा, ढोलाच्या सहा. नाव हवेत विरेपर्यंत ढोल वाट पाहायचा आणि मग मी पुढची ओळ घ्यायचो. गाणं जागेवर आलं. शेवटच्या फेरीत तीन वेळा नाव ठेक्यात आणि चौथ्यांदा ‘बा’ दम संपेपर्यंत ताणलेला, एवढं ‘स्पंजबॉब’कडून तसंच्या तसं घेतलं, आणि त्याबद्दल मी त्या गाण्याचा मनापासून ऋणी आहे.

प्रयोगाच्या दिवशी मांडवात दीडेकशे माणसं होती. दुसरी ओळ चालू असताना माझा माईक बंद पडला. ‘आडवा चालतो’पर्यंत आवाज गेला असेल, ‘वाकडा कोण’ कुणालाच ऐकू गेलं नाही. मी थांबलो. ढोलवाला दादा थांबला नाही. त्यानं तीन-तीनचा ठेका धरून ठेवला आणि बरोबर बाराव्या मात्रेनंतर, नाव जिथे यायचं तिथे, ते आलं. रंगमंचावरची अठरा मुलं तर ओरडलीच, पण त्यांच्याबरोबर मांडवातली मुलंही ओरडली, आणि त्यांना हे गाणं कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी ते एकदाच, पहिल्या ओळीला, ऐकलं होतं. पुढच्या दोन्ही ओळी माईकशिवाय तशाच गेल्या. माझा आवाज पहिल्या दोन रांगांपलीकडे पोचत नव्हता, पण मागच्या खुर्च्यांवरून नाव दर वेळी ठेक्यावर येत होतं.

रात्री मांडव आवरून जिना चढत होतो. खालच्या मजल्यावरची तीन वर्षांची चिमुरडी आईच्या कडेवर पेंगत होती. आईनं कुलूप उघडता उघडता, दार अडलं म्हणून, स्वतःशीच विचारलं, ‘आत कडी लावून बसलंय तरी कोण?’ डोळे मिटलेलेच ठेवून मुलगी म्हणाली, ‘खेकलोबा’.